पेनल्टी कुठे मारायची? चिमणबागेच्या मैदानावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या चिमणबाग मैदानावर संध्याकाळी मी मुलांना फुटबॉल शिकवतो. दिवसा गणिताच्या शिकवण्या घेतो. त्यामुळे पेनल्टीवरचा वाद निघाला की तो फिरून माझ्याकडेच येतो. राजवाड्याकडून स्कूटरवर मुलांना घ्यायला आलेले पालक विचारतात, मुलं विचारतात, आणि सर्वांत जास्त आमचे दोन गोली विचारतात, कारण गोल झाला की शिव्या त्यांनाच बसतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून एकदाची उत्तरं लिहून टाकली.

सर, गोली चेंडू बघून उडी का मारत नाही? आधीच का झेपावतो?

बघायला वेळच नसतो. पेनल्टीची खूण गोलरेषेपासून साधारण ११ मीटरवर असते. ताशी ९० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू हे अंतर ०.४४ सेकंदात कापतो. गोल ७.३२ मीटर रुंद आहे, म्हणजे मधोमध उभ्या असलेल्या गोलीपासून प्रत्येक खांब साडेतीन मीटरपेक्षा दूर. चेंडूची दिशा डोळ्यांना कळून पाय हलेपर्यंतच निम्मा वेळ गेलेला असतो. म्हणून गोलीला बाजू ठरवावी लागते ती फटका बसण्याच्या वेळीच किंवा किंचित आधी, आणि तोपर्यंत मारणाऱ्यानेही ठरवलेलं असतं. एकमेकांची निवड न कळता दोघं एकाच वेळी निवड करतात.

या एका गोष्टीमुळे पेनल्टी हा गणितातल्या खेळाचा जवळजवळ आदर्श नमुना ठरतो. एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा, निवडी मोजक्या, निकाल लगेच. असल्या खेळात दोघांनाही निश्चिंत राहता येईल अशी एक जागा असते, हे जॉन फॉन नॉयमनने १९२८ मध्ये सिद्ध केलं. फक्त त्या जागी पोचायला बहुतेक वेळा फासे टाकावे लागतात, म्हणजे ठरावीक प्रमाणात कधी हे, कधी ते. यालाच मिश्र डावपेच म्हणतात.

मग सरळ निम्मे डावीकडे, निम्मे उजवीकडे मारावेत ना? त्यात काय गणित आहे?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण विचारणाऱ्याला उत्तर माहीत आहे असं वाटत असतं.

आधी दोन शब्द ठरवू. उजव्या पायाने मारणाऱ्याला चेंडू अंगावरून ओढून स्वतःच्या डावीकडे मारणं सोपं जातं. ती त्याची सोयीची बाजू, दुसरी उलटी. डावखुऱ्याचं बरोबर विरुद्ध. पुढे सगळीकडे मी हेच शब्द वापरणार आहे.

इग्नासिओ पालासिओस-उएर्ता या स्पॅनिश अर्थशास्त्रज्ञाने १९९५ ते २००० या काळातल्या युरोपातल्या व्यावसायिक सामन्यांमधल्या १,४१७ पेनल्ट्या तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. त्यातले गोल होण्याचे टक्के, जवळच्या पूर्णांकात, असे:

| | गोली उलट्या बाजूला गेला | गोली सोयीच्या बाजूला गेला |
|---|---|---|
| उलट्या बाजूला मारला | ५८ | ९५ |
| सोयीच्या बाजूला मारला | ९३ | ७० |

गोलीची ‘सोयीची बाजू’ म्हणजे इथे मारणाऱ्याची सोयीची बाजू. गोली चुकला तर गोल जवळपास पक्का, थोडे फटके बाहेर जातात तेवढेच. गोली बरोबर गेला तरी सोयीच्या बाजूला १०० पैकी ७० गोल होतात, उलट्या बाजूला फक्त ५८. सोयीची बाजू खरोखरच सोयीची आहे, हे इथे दिसतं.

आता समजा गोली नाणं उडवून झेपावतो, दोन्हीकडे निम्मा निम्मा. तुम्ही उलट्या बाजूला मारलंत तर ५८ आणि ९५ ची सरासरी, साडेशहात्तर. सोयीच्या बाजूला ९३ आणि ७० ची सरासरी, साडेएक्याऐंशी. मग उलट्या बाजूला कशाला मारायचं? सगळे सोयीच्या बाजूलाच माराल. चार सामन्यांत गोलीला ते कळेल, तो तिकडेच झेपावू लागेल, आणि तुम्ही ७० वर येऊन आदळाल. तेव्हा उलटी बाजू ९५ ची झालेली असेल आणि तुम्ही तिकडे पळाल. हा पाठलाग थांबतो कुठे? गोलीने दोन्ही बाजू तुमच्यासाठी सारख्याच फायद्याच्या करून ठेवल्या, तिथे.

गणित शाळेतलंच आहे. गोली उलट्या बाजूला जाण्याचं प्रमाण ‘ग’ धरा. उलट्या बाजूचा फटका देतो ९५ − ३७ग, सोयीच्या बाजूचा ७० + २३ग. दोन्ही सारखे ठेवा: २५ = ६०ग. ग निघतो सुमारे ४२ टक्के. तसंच मारणाऱ्याचं: गोलीला दोन्हीकडे सारखंच नुकसान व्हावं यासाठी त्याने उलट्या बाजूला २३ भागिले ६०, म्हणजे सुमारे ३८ टक्के वेळा मारायला हवं. असं खेळलं तर कुठेही मारा, गोल होण्याची शक्यता ७९.६ टक्के.

प्रत्यक्षात काय झालं? गोली ४२ टक्के वेळा उलट्या बाजूला गेले. मारणाऱ्यांनी ४० टक्के वेळा उलट्या बाजूला मारलं. कागदावरचे ४२ आणि ३८, मैदानावरचे ४२ आणि ४०. अकरावीच्या पोरांना हे दाखवलं की वर्ग दोन मिनिटं गप्प बसतो, आणि आमच्या वर्गात ही मोठी गोष्ट आहे.

म्हणजे हे खेळाडू डोक्यात समीकरणं सोडवतात?

छे! त्यांना फक्त टोचतं. एका बाजूला जास्त पेनल्ट्या वाया गेल्या की पुढच्या वेळी पाय आपोआप दुसरीकडे वळतो. सराफ्यात रोज रात्री गाडी लावणाराही गिऱ्हाईक बघून किती गराडू तळायचे ते ठरवतोच, त्याला कोणी आलेख काढायला शिकवलेलं नसतं.

माझ्या मुलाच्या पेनल्ट्या ६० टक्के एकाच बाजूला जातात. तो ओळखला जाईल की!

या पानावरची सगळ्यांत कामाची गोष्ट इथेच आहे, म्हणून जरा थांबून वाचा. कुठे किती वेळा मारतो, हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. बघायचं ते हे की प्रत्येक बाजूला मारलेल्यांपैकी किती टक्के गोल झाले.

दोन्ही बाजूंचं यश सारखं असेल तर ६०:४० मध्ये काहीही दोष नाही, ७०:३० मध्येही नाही. गोलीला ते प्रमाण तोंडपाठ असलं तरी त्याचा उपयोग शून्य, कारण त्याने त्याच्या बाजूने तेवढंच झुकून दोन्ही बाजू सारख्या करून ठेवल्या आहेत. पण सोयीच्या बाजूला ७० टक्के गोल आणि उलट्या बाजूला ९० टक्के असं असेल, तर तो उलट्या बाजूला पुरेसे मारत नाही आणि हातातले गोल सोडतोय. इथे पालक बरोबर उलटा निष्कर्ष काढतात. म्हणतात, “सर, याला उजवीकडे नव्वद टक्के यश आहे, म्हणजे उजवीकडे हा पक्का आहे!” अहो, तो पक्का असेलच असं नाही. बहुतेक गोली तिकडे जातच नसेल.

पालासिओस-उएर्तांनी ज्यांच्या वाट्याला निदान ३० पेनल्ट्या आल्या असे २२ मारणारे आणि २० गोली वेगळे काढून हीच तपासणी केली. बहुतेकांचं दोन्ही बाजूंचं यश सारखं निघालं, निदान आकड्यांवरून वेगळं म्हणता येईना.

उलट्या बाजूचा फटका कच्चा असेल तर तिकडे कमीच मारावं ना?

कच्चा कसा, त्यावर आहे. हे ऐकून आमच्या एका मोठ्या मुलाने मला सरळ “भिया, तुम्ही गंडवताय” म्हटलं होतं.

वरचाच तक्ता घ्या. समजा या खेळाडूचा उलट्या बाजूचा फटका आता थोडा जास्त वेळा खांबाबाहेर जातो. गोली चुकलेला असतानाही ९५ ऐवजी ९०. बाकी तिन्ही आकडे तसेच. पुन्हा हिशेब करा. खालचे ६० आता ५५ होतात. मारणाऱ्याने उलट्या बाजूला मारायचं प्रमाण २३ भागिले ५५, म्हणजे सुमारे ४२ टक्के. आधी ३८ होतं. फटका बिघडला आणि तिकडे मारायचं प्रमाण *वाढलं*!

कारण गोलीकडे आहे. त्याला कळलं की हा तिकडे तसाही चुकतो, तर तिकडे जाण्यात फायदा कमी. म्हणून तो उलट्या बाजूला ४२ ऐवजी ३६ टक्केच जातो. गोल रिकामा जास्त वेळा मिळतो, आणि मारणाऱ्याला तिकडे जावंच लागतं, नाहीतर गोली सोयीच्या बाजूला तळ ठोकेल. एकूण यश ७९.६ वरून ७८.४ वर येतं. बिघाडाची किंमत मोजावी लागलीच, पण ती दोन्ही बाजूंना वाटली गेली. उलट्या बाजूला मारूनही ७८.४, सोयीच्या बाजूला मारूनही ७८.४.

यातून उलटही समजून घ्या. एखादा खेळाडू एका बाजूला जास्त मारू लागला म्हणून त्याने त्या बाजूचा सराव केला असेल, असं म्हणता येत नाही. मिश्र डावपेचात तुमचं प्रमाण समोरच्याच्या फायद्यातोट्याने ठरतं, तुमच्या स्वतःच्या नव्हे. हे पचायला जड आहे. मलाही दोन दिवस लागले होते.

मधोमध मारलं तर? गोली तर कधी उभाच राहत नाही!

खरं आहे, जवळजवळ कधीच नाही. शियापोरी, लेविट आणि ग्रोसक्लोज यांनी फ्रान्स आणि इटलीच्या साखळी स्पर्धांतल्या ४५९ पेनल्ट्या तपासल्या (२००२). ७९ फटके मधोमध होते, आणि गोली मधे उभा राहिला फक्त ११ वेळा. मध्याची सगळ्यात गाजलेली पेनल्टी अर्थातच आन्तोनिन पानेंकाची: २० जून १९७६, बेलग्रेड, युरो चषकाची अंतिम लढत. चेकोस्लोव्हाकियाचा शेवटचा फटका, पश्चिम जर्मनीचा सेप मायर एका बाजूला झेपावला आणि पानेंकाने चेंडू हळूच मधून तरंगवला.

गोली उभे का राहत नाहीत, यावर दोन मतं आहेत. इस्रायलमधल्या मायकेल बार-एली आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये २८६ पेनल्ट्यांवरून म्हटलं की ही हलण्याची सवय आहे. उभं राहून गोल खाल्ला तर लोक म्हणणार, “पुतळा उभा होता का?” झेपावून खाल्ला तर निदान प्रयत्न दिसतो. त्यांच्या आकड्यांत उभ्या राहिलेल्या गोलींनी एक तृतीयांश पेनल्ट्या अडवल्या, तर डावीउजवीकडे झेपावणाऱ्यांनी १४ आणि १३ टक्क्यांच्या आसपास.

मला हे पूर्ण पटत नाही. उभं राहणारे गोली त्या आकड्यांत फक्त सहा टक्के आहेत, म्हणजे १८ जण, आणि एक तृतीयांश म्हणजे ६ अडवलेल्या पेनल्ट्या. दोन इकडेतिकडे झाल्या असत्या तर गोष्टच बदलली असती. शिवाय गोली जास्त वेळा उभे राहू लागले तर मारणारे मधे मारणं सोडतील आणि तो फायदा विरून जाईल. पण गोली थोडे जास्त उभे राहू शकतात, एवढं मी आमच्या दोघांना सांगतो. तसं केल्यावर प्रेक्षक काय बोलतात, ते मात्र त्यांना ऐकावं लागतं.

आता सलग तीन डावीकडे गेल्या, चौथी उजवीकडेच येणार. बरोबर?

नाही! आणि गोलीने असं वाटून घेऊ नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.

प्रमाण बरोबर असणं ही निम्मी गोष्ट. क्रमही बेभरवशाचा हवा. माणसाला ‘कसंही मार’ म्हटलं की तो डावी-उजवी-डावी-उजवी करत सुटतो, कारण त्याला तेच ‘कसंही’ वाटतं. ६०:४० ने खऱ्या फाशांनी खेळलं तर लागोपाठच्या दोन फटक्यांत बाजू बदलण्याची शक्यता ४८ टक्के. ३० फटक्यांत २९ जोड्या, म्हणजे सुमारे १४ बदल. ९ पासून १९ पर्यंत काहीही आलं तरी शंका घेऊ नका. २२ आले तर पोरगा आळीपाळीने मारतोय, आणि समोरच्या संघात कोणी वही ठेवत असेल तर तो पकडला जाईल.

पालासिओस-उएर्तांच्या व्यावसायिक खेळाडूंचा क्रम या कसोटीवर बहुतांशी उतरला. पण शूटआऊटमध्ये, जिथे एकच गोली एकामागून एक वेगवेगळ्या खेळाडूंना सामोरा जातो, तिथे गोष्ट बिघडते. मिसिरलिसॉय आणि हॅगार्ड यांनी १९७६ ते २०१२ मधल्या विश्वचषक आणि युरो चषकाच्या शूटआऊट पाहिल्या. सलग तीन फटके एकाच बाजूला गेले की चौथ्या वेळी गोली त्याच्या विरुद्ध बाजूला झेपावण्याकडे झुकत होते. गंमत म्हणजे मारणाऱ्यांनी याचा फायदा घेतलाच नाही. त्यांच्यातला प्रत्येक जण नवा असतो, आधीच्या तीन फटक्यांचा हिशेब त्याच्या डोक्यात नसतो.

गोलीची सवय आधी कळली तर सामना जिंकता येतो का?

थोडी मदत होते, पण ती उलटूही शकते. २१ मे २००८, मॉस्को, चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत, चेल्सी विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. याच पालासिओस-उएर्तांनी चेल्सीला सामन्याआधी टिपण पोचवलं होतं की युनायटेडचा गोली एडविन फान डर सार मारणाऱ्याच्या सोयीच्या बाजूला इतरांपेक्षा जास्त जातो, तेव्हा उलट्या बाजूला मारा. माहिती चांगली होती. गोली आपल्या समतोलातून ढळलेला असेल तर त्याच्या विरुद्ध बाजूला मारणं हेच योग्य उत्तर.

सामना शूटआऊटवर गेला. चेल्सीचे पहिले सहा फटके फान डर सारच्या डावीकडेच, म्हणजे उजव्या पायाने मारणाऱ्याच्या उलट्या बाजूला गेले. त्यांतला जॉन टेरीचा, जो घुसला असता तर चषकच मिळाला असता, तो पाय घसरून खांबाला लागला. गोली तेव्हा दुसरीकडे गेला होता. सातवा आला निकोला आनेल्का. फान डर सारने हात करून स्वतःच्या डावीकडे बोट दाखवलं: तुम्ही सगळे इकडेच मारताय ना? आता आनेल्काची पंचाईत. सल्ला पाळावा तर गोलीला तो कळलेला दिसतो. त्याने दुसरीकडे मारलं, गोली तिकडे झेपावला आणि चेंडू अडवला. युनायटेडने शूटआऊट ६-५ ने जिंकलं.

माझं मत असं की टिपणात चूक नव्हती. पण ‘या बाजूला जास्त मारा’ याचं ‘याच बाजूला मारा’ झालं, आणि तेही एकाच गोलीसमोर लागोपाठ सहा वेळा.

गोलीकडे बघत बघत पळत यावं, तो हलला की दुसरीकडे ढकलावं. हे नाही का सोपं?

जमलं तर फारच छान, कारण मग खेळ एकाच वेळचा राहत नाही: गोली आधी खेळतो, तुम्ही नंतर. धावताना अडखळल्यासारखं करणं नियमात बसतं, धाव संपल्यावर थांबून हूल देणं बसत नाही. पण शेवटच्या पावलापर्यंत बाजू न ठरवणाऱ्याचा फटका हळू आणि खांबापासून आत पडतो. गोली जर हललाच नाही, तर असा खेळाडू चेंडू सरळ त्याच्या हातात देऊन येतो. गोलीलाही नियम आहे: फटका बसताना निदान एक पाय रेषेवर किंवा तिच्या सरळीत हवा (२०२२ पासून रेषेच्या मागेही चालतो).

आम्ही वहीत नोंद ठेवली आहे. ३० पेनल्ट्यांवरून काय सांगता येईल?

फार थोडं. समजा ३० पैकी १२ उलट्या बाजूला, त्यांत ११ गोल. १८ सोयीच्या बाजूला, त्यांत १३ गोल. ९२ टक्के विरुद्ध ७२ टक्के! पालक लगेच म्हणतील, बाजू बदल. पण दोन्ही बाजू खरोखर सारख्या असल्या तरी एवढा फरक निव्वळ नशिबाने सहज पडतो. ७५ आणि ८५ टक्क्यांमधला फरक भरवशाने ओळखायचा तर प्रत्येक बाजूच्या सुमारे २५० पेनल्ट्या लागतात. कोणाच्याही कारकिर्दीत एवढ्या येत नाहीत.

आणखी एक खड्डा आहे. सगळ्या मुलांच्या पेनल्ट्या एकत्र करू नका. एकाचं योग्य प्रमाण ५०:५०, दुसऱ्याचं ७०:३०. एकत्र केलं की प्रत्येक जण बरोबर खेळत असूनही बेरीज चुकीची दिसू शकते, किंवा चुका एकमेकींत लपून जातात. वहीत प्रत्येक नावाचं पान वेगळं, आणि प्रत्येक ओळीत चार गोष्टी: कोणता पाय, चेंडू कुठे, गोली कुठे, निकाल. गोली कुठे गेला ते बहुतेक वह्यांत नसतं, आणि त्याच्याशिवाय वरचा तक्ता भरताच येत नाही.

मग बाजू ठरवायची कशी? मैदानात फासे घेऊन जायचे?

मैदानात ठरवायचंच नाही. घरून निघताना समोरून जाणाऱ्या पहिल्या एमपी ०९ गाडीच्या नंबरचा शेवटचा अंक बघा. ० ते ५ आला तर सोयीची बाजू, ६ ते ९ आला तर उलटी. झालं ६०:४०. दोन पेनल्ट्या मिळतील असं वाटत असेल तर दोन गाड्या बघा. आणि मग खुणेवर चेंडू ठेवल्यावर मत बदलायचं नाही, गोलीने कितीही बोटं दाखवली तरी.

दहा वर्षांच्या मुलांना हे सगळं शिकवता का?

नाही. त्या वयात दोन्ही बाजूंना चेंडू खांबाच्या आत ठेवणं हेच मोठं काम असतं, आणि गोलीचा हात वरच्या दांड्याला पोचतही नाही. लहान मुलांना मी फक्त उलट्या बाजूला रोज वीस फटके मारायला लावतो. नंबरप्लेटचा खेळ त्यांना ठाऊक आहे, पण ते तो कोणाला पोहे आणायला पाठवायचं हे ठरवायला वापरतात.